‘मी वापरतो’ ते ‘मी वापरेन’: जाहिरातीतल्या ग्राहकाच्या शब्दाची पार्श्वभूमी

रवींद्रनाथ टागोरांचा फोटो असलेली गोदरेज साबणाची जुनी जाहिरात अनेकांनी पाहिली असेल. १९२० च्या दशकातली. स्वदेशीचं वारं होतं, आर्देशिर गोदरेज यांनी जनावराच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण काढला होता, आणि नोबेल मिळालेला कवी त्या साबणाची शिफारस करत होता. वाक्याचा आशय असा, की गोदरेजपेक्षा चांगला परदेशी साबण माझ्या माहितीत नाही आणि मी तो आवर्जून वापरेन.

यातलं शेवटचं क्रियापद बघा. ‘वापरेन’. टागोर वापरतो म्हणत नाहीत, वापरून पाहिला असंही म्हणत नाहीत. हा अनुभव नाही, पाठिंबा आहे. त्या काळी कुणाला यात वावगं वाटण्याचं कारणच नव्हतं, कारण लोक टागोरांच्या त्वचेवर नव्हे, त्यांच्या नावावर विश्वास ठेवत होते. आज मात्र हा फरक कायद्याच्या भाषेत शिरला आहे. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, की शिफारस करणाऱ्याचं मत खरं आणि सध्याचं असलं पाहिजे, आणि वस्तूच्या पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं असलं पाहिजे. नुसत्या नावापासून अनुभवाच्या अटीपर्यंतचा हा प्रवास सरळ झालेला नाही.

तो समजायला अमेरिकेत जावं लागतं. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावात लिडिया पिंकहॅम नावाच्या बाई घरच्या चुलीवर बायकांच्या दुखण्यांसाठी काढा करत आणि शेजारणींना वाटत. १८७३ च्या मंदीत घर कर्जात बुडालं, तेव्हा १८७५ पासून त्यांनी तोच काढा बाटलीत भरून विकायला काढला. औषधात वनस्पती होत्या तशी दारूही बरीच होती. पुढे लेबलवर बाईंचं चित्र आलं, प्रेमळ आजीसारखं. जाहिरातींत दोन गोष्टी कायम असत. एक, बऱ्या झालेल्या बायकांची पत्रं. दुसरी, ‘मिसेस पिंकहॅमना लिहा’ हे आमंत्रण. बाई बाईला लिहील, उत्तरही बाईच देईल, पुरुष डॉक्टरांसमोर लाजायला नको, या भावनेवर हजारो पत्रं येत. त्यांतलीच निवडक पुढच्या जाहिरातीत छापली जात, आणि ती वाचून आणखी बायका लिहीत. ग्राहकाच्या शब्दातून नवा ग्राहक मिळवण्याचं हे चक्र आजच्या मार्केटिंगवाल्यांनी शोधलेलं नाही.

बाई १८८३ मध्ये वारल्या. आमंत्रण मात्र छापून येतच राहिलं. कचेरीतली माणसं उत्तरं लिहीत होती. १९०५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’चे संपादक एडवर्ड बॉक यांनी बाईंच्या थडग्यावरच्या दगडाचा फोटो मासिकात छापला, मृत्यूच्या वर्षासकट. बाजूला त्याच काळातली जाहिरात. एवढं पुरेसं होतं.

त्याच सुमारास ‘कोलियर्स’ साप्ताहिकात सॅम्युएल हॉपकिन्स अॅडम्स यांची पेटंट औषधांवरची, म्हणजे पिंकहॅमबाईंच्या काढ्यासारख्या जाहिरातीवर खपणाऱ्या तयार औषधांवरची, लेखमाला सुरू झाली. या धंद्यात प्रशस्तिपत्रं कशी मिळवली जातात, हेही तेव्हाच्या पत्रकारांनी उघड केलं. रोग्यांनी विश्वासाने पाठवलेली पत्रं गठ्ठ्यांनी दलालांमार्फत इतर कंपन्यांना विकली जात. म्हणजे एका औषधाला लिहिलेल्या बाईच्या दारात दुसऱ्याच औषधाचा विक्रेता उभा! १९०६ मध्ये कायदा झाला, पण त्याचा रोख लेबलवर होता. बाटलीवर दारूचं प्रमाण छापावं लागलं, वर्तमानपत्रातल्या पत्रांना त्याने हात लावला नाही.

मग आली ताऱ्यांची पाळी. १९२० च्या दशकात जे. वॉल्टर थॉम्पसन या एजन्सीने पॉन्ड्सच्या क्रीमसाठी उमराव घराण्यांतल्या स्त्रिया, अगदी रुमानियाच्या राणीपर्यंत, उभ्या केल्या, आणि लक्स साबणासाठी हॉलिवूडच्या नट्या. भारतात लक्स १९२९ पासून आहे. सुरुवातीला इथल्या जाहिरातींतही परदेशी चेहरे असत. १९४१ मध्ये लीला चिटणीस या लक्सच्या पहिल्या भारतीय तारका झाल्या. मराठी नाट्यसृष्टीतून सिनेमात आलेल्या, शिकलेल्या बाईचा चेहरा मध्यमवर्गीय घरात साबण घेऊन आला. सोनाराने कान टोचावेत तशी ही पद्धत. दुकानदार सांगतो ते खपत नाही, म्हणून सांगणारा बदलायचा.

पण सोनाराला पैसे कोण देतो? हा प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला होता. नखांचं पॉलिश विकणाऱ्या नॉर्दम वॉरन कंपनीने नामांकित स्त्रियांना शिफारशीबद्दल पैसे दिले आणि ते जाहिरातीत सांगितलं नाही, म्हणून फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातल्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, हरकत घेतली. १९३२ मध्ये अपील कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. युक्तिवाद साधा होता. बाईचं मत खरं आहे ना? मग तिला पैसे मिळाले हे लपवलं म्हणून ते खोटं ठरत नाही. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात विसरला गेलेला निकाल आहे, कारण आजही अनेक इन्फ्लुएन्सर नेमकं हेच म्हणतात: ‘पण मला खरंच आवडलं!’ पुढच्या दशकांत कमिशनने शिफारशींसाठी मार्गदर्शिका काढल्या आणि भूमिका हळूहळू उलटी झाली. मत खरं असलं तरी, ऐकणारा ते किती वजनाने घेईल हे पैशाच्या माहितीवर ठरत असेल, तर ती माहिती द्यायची.

दुसरी गाठ होती अपवादाची. वजन कमी करण्याच्या जाहिरातीतली बाई खरी असते, तिचं वीस किलो वजनही खरंच उतरलेलं असतं. फक्त तिच्यासारखी ती एकटीच असते. १९८० च्या मार्गदर्शिकेनुसार खाली बारीक अक्षरात ‘सर्वांना असाच परिणाम मिळेल असं नाही’ लिहिलं की काम भागायचं. कमिशनने नंतर करवून घेतलेल्या चाचण्यांत दिसलं, की ही ओळ वाचूनही बरेच लोक तोच परिणाम आपल्यालाही मिळेल असंच समजतात. म्हणून २००९ मध्ये ही पळवाट बंद झाली. आता असाधारण निकाल दाखवायचा, तर साधारण ग्राहकाला काय मिळतं तेही स्पष्ट सांगायचं.

केस स्टडीचं, म्हणजे एका ग्राहकाचा अनुभव सविस्तर सांगून माल विकणाऱ्या कथेचं, दुखणंही हेच. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. त्या आगीत गोदरेजच्या तिजोऱ्यांतला ऐवज सुरक्षित राहिला, हे कंपनी आपल्या इतिहासात आजही सांगते. जाहिरातीला याहून चांगली कथा कुठली? जागा, तारीख, संकट, निकाल सगळं ठरलेलं. पण कुठलीही केस स्टडी वाचताना एक प्रश्न जवळ ठेवावा: त्या संकटातून गेलेल्या एकूण किती, आणि आपल्याला दाखवल्या त्या किती?

हाच प्रश्न इंटरनेटने आकड्यात आणला. अॅमेझॉनने १९९५ मध्ये ग्राहकांना पुस्तकांवर लिहू दिलं, चांगलं तसं वाईटही. दुकानदाराने आपल्याच दुकानात मालाची निंदा लावू द्यावी हे तेव्हा वेड्यासारखं वाटलं. पुढच्याच वर्षी ईबेवर खरेदीदार-विक्रेते एकमेकांना शेरा देऊ लागले. वाईट शेरे दिसत होते म्हणूनच चांगल्यांना किंमत आली. २००४ मध्ये अॅमेझॉनच्या कॅनडाच्या साइटवर तांत्रिक चुकीने काही दिवस निनावी लेखकांची खरी नावं दिसू लागली, आणि काही लेखक स्वतःच्याच पुस्तकाचं कौतुक करताना सापडले.

खोट्या रिव्ह्यूपेक्षा गाळलेला रिव्ह्यू पकडणं अवघड. फॅशन नोव्हा या अमेरिकन कपडे विक्रेत्याचं प्रकरण यासाठी नीट पाहावं. रिव्ह्यू सांभाळायला त्यांनी बाहेरची प्रणाली घेतली होती. तिच्यात चार आणि पाच तारे आपोआप प्रसिद्ध व्हायचे आणि त्याखालचे मंजुरीसाठी थांबायचे, अशी मांडणी केलेली होती. मंजुरी द्यायला कुणी फिरकलंच नाही. २०१५ च्या अखेरीपासून २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत लाखो रिव्ह्यू असे पडून राहिले. कुणी एकही खोटं वाक्य लिहिलं नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने ४२ लाख डॉलर भरायचं कबूल केलं.

याचा हिशेब घालून पाहू. समजा एका कुर्त्याला १०० रिव्ह्यू आले: ५२ जणांनी पाच तारे, १८ जणांनी चार, ८ जणांनी तीन, ७ जणांनी दोन आणि १५ जणांनी एक. सरासरी ३.८५. आता चारच्या खालचे ३० झाकले, की उरलेल्या ७० ची सरासरी ४.७४ होते. गिऱ्हाईक ३.८५ ला मापाची तक्रार शोधायला खाली उतरतं. ४.७४ ला थेट विकत घेतं. म्हणून एखाद्या वस्तूला शेकडो रिव्ह्यू असून एक-दोन ताऱ्यांचा एकही नसेल, तर माल उत्तम असण्यापेक्षा गाळणी बारीक असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

भारताने या प्रकरणानंतर काही महिन्यांतच आपली चौकट आणली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचं IS 19000:2022 हे मानक आलं. ऑनलाइन रिव्ह्यू गोळा कसे करायचे, तपासायचे आणि प्रसिद्ध कसे करायचे, याचं ते मानक आहे. रिव्ह्यू लिहिणारा खरा माणूस आहे हे ईमेल, फोन किंवा एसएमएससारख्या मार्गांनी पडताळावं, विकत घेतलेले रिव्ह्यू घेऊ नयेत, नकारात्मक म्हणून दाबू नयेत, असं ते सांगतं. ते आलं तेव्हा ऐच्छिक होतं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या आणि विकतच्या रिव्ह्यूंवर थेट बंदीचा नियम लागू आहे.

मात्र छोट्या व्यावसायिकाला जास्त जवळचा आहे तो सुरुवातीला सांगितलेला २०२२ चा जाहिरातींचा दस्तऐवज. घरगुती मसाले विकणाऱ्या ताईंनी गिऱ्हाइकाचा व्हॉट्सअॅप मेसेज इन्स्टाग्रामवर लावला, की ती नुसती आठवण राहत नाही, जाहिरात होते. मेसेज लिहिणाऱ्या बाईंना पुढच्या पाकिटावर सूट दिली असेल, किंवा त्या नणंद असतील, तर हा संबंध पोस्टमध्येच सांगायला हवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा घडलं तर ५० लाखांपर्यंत. ताईंवर उद्या कुणी धाड घालणार नाही हे खरं. पण मूळ मेसेज तारखेसकट जपून ठेवणं, लावण्याआधी बाईंना विचारणं, आणि ‘मसाला छान आहे, तिखट जरा जास्त’ मधला दुसरा अर्धा भाग न कापणं, एवढं फुकट जमतं. तसंही तिखट खाणारं गिऱ्हाईक त्या दुसऱ्या अर्ध्या भागावरच ऑर्डर देतं.