घन स्फटिकाची घनता (एकक कोशिकेवरून)

घन स्फटिकात अणूंची जी सर्वांत लहान मांडणी पुन्हा पुन्हा येते, तिला एकक कोशिका म्हणतात. बारावीच्या वर्गात हिलाच युनिट सेल म्हणतात. सगळा स्फटिक हिच्याच थरांनी भरलेला असल्यामुळे एका कोशिकेची घनता हीच स्फटिकाची घनता ठरते. कोशिकेतील अणूंचे वस्तुमान तिच्या आकारमानाने भागले की झाले:

ρ = nM / (a³ N_A)

येथे n म्हणजे कोशिकेतील अणू, M मोलर वस्तुमान, a कडेची लांबी आणि N_A ॲव्होगाड्रो स्थिरांक. कडेची लांबी क्ष-किरण विवर्तनाने मोजतात.

नाशिकच्या सराफ बाजारात मिळणाऱ्या चांदीचेच उदाहरण घेऊ. चांदीची रचना फलककेंद्रित घन आहे. आठ कोपऱ्यांवरचा प्रत्येक अणू आठ कोशिकांत वाटलेला असतो, म्हणून कोपऱ्यांचा वाटा एक अणू. सहा फलकांवरचा प्रत्येक अणू दोघींत अर्धा-अर्धा, म्हणून तीन. एकूण n = 4. कड 408.6 पिकोमीटर, म्हणजे 4.086 × 10⁻⁸ सेंमी. तिचा घन 68.22 × 10⁻²⁴ घसेंमी. M = 107.87 ग्रॅम प्रति मोल.

ρ = (4 × 107.87) / (68.22 × 10⁻²⁴ × 6.022 × 10²³) = 431.48 / 41.08 ≈ 10.50 ग्रॅम प्रति घसेंमी

प्रत्यक्ष मोजलेली घनता सुमारे 10.49 आहे. अणूच्या पातळीवरची मोजपट्टी आणि तराजू इतके जुळतात, हे पहिल्यांदा स्वतः करून पाहणाऱ्याला खरोखर आनंद देते.

चूक बहुधा n मध्ये होते. वाटणी विसरून 8 + 6 = 14 अणू धरले तर उत्तर 36.8 येते, सर्वाधिक घनतेचे मूलद्रव्य ऑस्मियमसुद्धा 22.6 च्या आसपास आहे, तेव्हा हे उत्तर अशक्य. उलट n = 1 धरल्यास 2.63 येते, म्हणजे चांदी ॲल्युमिनियमपेक्षाही हलकी! दुसरी चूक घातांकाची: 4.086 चा घन केला जातो, 10⁻⁸ चा मात्र राहून जातो. शिवाय a मध्ये एक टक्का चूक झाली, तर घनतेत सुमारे तीन टक्के चूक होते, कारण a चा घन येतो.

सूत्र देते ती शुद्ध, निर्दोष स्फटिकाची घनता. 925 चांदीत 7.5 टक्के दुसरा धातू, बहुतेकदा तांबे, असतो. तांबे असेल तर तिची घनता 10.36 च्या आसपास येते. शंभर ग्रॅमची शुद्ध चांदी पाण्यात बुडवून तोलली तर वजन सुमारे 9.53 ग्रॅमने घटते, 925 चे 9.65 ने. फरक जेमतेम 0.12 ग्रॅमचा. दागिन्यात पोकळी किंवा हवेचा बुडबुडा अडकलेला असेल, तर तेवढ्यानेच तो फरक झाकून जातो.