बोअर मापात आहे, पण किती मापात?

ड्रॉइंगवर बोअरपाशी ‘२५ एच७’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा, की भोकाचा व्यास २५.००० मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि २५.०२१ पेक्षा जास्त नको. मधली मोकळीक २१ मायक्रॉनची, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही बरीच कमी. प्लग गेज म्हणजे भोकात घालून बघायचा ठरलेल्या मापाचा दांडा. त्याची ‘गो’ बाजू आत गेली, ‘नो-गो’ अडली, की जॉब पास. पण कडेला घासून पास झालेला जॉब आणि मधोमध बसलेला जॉब प्लग गेजला सारखेच वाटतात. आज तीनशे जॉब पास झाले, तर उद्याचे तीन हजार होतील का, हे त्याला सांगता येत नाही. ते विचारायचं असेल, तर प्रत्येक बोअरचं खरं माप आकड्यात घ्यावं लागतं.

आम्ही सीएनसी लेथवर स्टीलचे बुश, म्हणजे मधे भोक असलेल्या छोट्या नळ्या, करायचो, त्यातलं उदाहरण घेतो. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

मशीन तेच, प्रोग्राम तोच, तरी लागोपाठच्या दोन बुशांचे बोअर एकसारखे निघत नाहीत. इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी चकती, किंचित झिजतं, मटेरियल कुठे जरा कडक लागतं, चकची पकड बदलते. ही मापं मांडली की बहुतेक एका आकड्याभोवती गोळा होतात आणि दोन्ही कडांना विरळ होत जातात. हा पसारा किती रुंद आहे ते ‘सिग्मा’ सांगतो. मापांचा ढीग घंटेच्या आकाराचा असेल, तर सरासरीच्या अलीकडे तीन आणि पलीकडे तीन अशा सहा सिग्मांत १००० पैकी साधारण ९९७ जॉब येतात. म्हणून सहा सिग्माला प्रक्रियेची रुंदी धरायची आणि ड्रॉइंगने दिलेल्या मोकळिकीला तिने भागायचं. झाला सीपी, म्हणजे प्रक्रिया मोकळिकीत किती सैल बसते त्याचा आकडा. सीपीकेकडे पुढे येतो.

```
Cp  = (USL - LSL) / 6σ
Cpk = min(USL - mean, mean - LSL) / 3σ
```

इथे σ म्हणजे सिग्मा, USL म्हणजे वरची मर्यादा, LSL खालची आणि mean म्हणजे सरासरी.

सिग्मा काढायला आम्ही दर तासाला सलग पाच जॉब उचलायचो. असे २५ गट, म्हणजे १२५ बुश. प्रत्येक गटातल्या सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान मापातला फरक लिहायचा. त्या फरकांची सरासरी आली ५.८ मायक्रॉन. पाच-पाचच्या गटांसाठी ठरलेला भाजक २.३२६ आहे. त्याने भागलं की सिग्मा २.५ मायक्रॉन. प्रक्रियेची रुंदी सहापट, म्हणजे १५. मोकळीक २१. सीपी १.४०.

गाडीचे सुटे भाग घेणारे ग्राहक पुष्कळदा किमान १.३३ मागतात, म्हणजे सरासरीपासून दोन्ही मर्यादा निदान चार सिग्मा लांब हव्यात. त्या हिशेबाने आमचं मशीन चांगलंच होतं. पण सीपीला सरासरी कुठे आहे याचा पत्ताच नसतो. सगळे बुश २५.०५० च्या आसपास काढले असते, तरी सीपी १.४० च आला असता आणि एकही जॉब चालला नसता. म्हणून सीपीके बघायचा.

मोकळिकीचा मध्य २५.०१०५. आमची सरासरी २५.०१३५, म्हणजे तीन मायक्रॉन वर. वरच्या मर्यादेपर्यंत अंतर उरलं ७.५ मायक्रॉन आणि तीन सिग्माही ७.५ च. भागाकार १.००. खालच्या बाजूला १३.५ मायक्रॉन मोकळे होते, म्हणजे १.८०. सीपीके नेहमी कमजोर बाजूचा धरतात, म्हणून १.००. याचा अर्थ हजारात एखाद-दुसरा बुश वरच्या मर्यादेबाहेर जाणार, आणि मोठा झालेला बोअर परत लहान करता येत नाही. तो भंगारात.

सीपी १.४० आणि सीपीके १.०० असा जोड दिसला, की अनुभवी माणूस चटकन सांगतो: मशीन ठीक आहे, सेटिंग सरकलंय. आम्हीही तेच म्हटलं. ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला दिलेल्या माप-दुरुस्तीत, तीन मायक्रॉन कमी केले, पुन्हा मापं घेतली. सरासरी नेमकी २५.०१०५ वर आली, सीपीके १.४० झाला. रिपोर्ट फाइलला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवरचे मामा ट्रे घेऊन आले. “साहेब, कालचे जॉब आज टाइट लागतायत.” मी स्वतः ‘गो’ प्लग घातला. काल आपल्या वजनाने आत सरकणारा प्लग आज काही बुशांत बोटाने रेटावा लागत होता, आणि एकात तर तो तोंडाशीच अडकला. रात्रीत बुश बदलले नव्हते. ते फक्त गार झाले होते.

भोकाचं माप घेणारं बोअर गेज आम्ही सेटिंग रिंगवर, म्हणजे नेमकं माप ठाऊक असलेल्या कड्यावर, शून्य करायचो. ही रिंग तपासणीच्या टेबलावर, खोलीच्या तापमानाला. बुश मात्र चकमधून काढला, हवेने चिप्स उडवल्या, की लगेच गेजवर. दुपारी कूलंटची टाकीच कोमट झालेली असायची आणि हातातला बुश रिंगपेक्षा साधारण १० अंशांनी गरम असायचा. एक मीटर स्टील एका अंशाला ११.५ मायक्रॉन वाढतं. भोकही त्याच प्रमाणात मोठं होतं; स्टील आतल्या बाजूला फुगून भोक लहान होतं, असा समज बऱ्याच जणांचा असतो, तो चुकीचा आहे. २५ मिलिमीटरला १० अंशांचा हिशेब केला, की येतात २.९ मायक्रॉन. म्हणजे आम्हाला दिसलेले ते तीन मायक्रॉन सेटिंगचे नव्हतेच, ते उष्णतेचे होते. गार झाल्यावर पहिला लॉट मधोमध बसणारा होता, आणि आम्ही ‘सुधारलेला’ लॉट गार होऊन २५.००७५ वर उतरला. आता खालच्या मर्यादेपर्यंत अंतर ७.५, तीन सिग्मा ७.५. सीपीके पुन्हा १.००, फक्त दुसऱ्या बाजूला. कागदावर मात्र १.४०.

मापं २० अंश सेल्सियसला घ्यायची, हा जगभराचा संकेत आहे. आमच्यासारख्या शेडमध्ये ते जमत नाही. पण बुश आणि रिंग दोन्ही स्टीलचे असतील आणि दोन्ही एकाच तापमानाला असतील, तर दोन्ही सारखेच वाढतात आणि फरक पुसला जातो. आम्ही रिंग टेबलावरून उचलून जॉबच्या ट्रेशेजारी जाड पाटावर ठेवली आणि बुश त्याच पाटावर अर्धा तास टेकवल्याशिवाय गेज लावायचं नाही, असं ठरवलं. ऑफसेट पूर्वीच्या जागी नेला. बुश ॲल्युमिनियमचे असते, तर हेही पुरलं नसतं. ॲल्युमिनियम स्टीलच्या दुप्पट वाढतं, त्यामुळे स्टीलच्या रिंगशी त्याची जोडी शेडच्या तापमानाला जमत नाही.

एकदा मापावर शंका आली, की गेजकडेही नजर जाते. एकच गार बुश मामांनी, मी आणि दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरने पुन्हा पुन्हा मोजला. बोअर एकच, पण आकडे तीन-चार मायक्रॉनमध्ये हलत होते. बोअर गेज आत घालून डोलवावं लागतं. भोकात ते तिरकं बसलं तर माप खऱ्यापेक्षा जास्त येतं, म्हणून काटा जिथे उलटा फिरतो तो सर्वात लहान आकडा वाचायचा असतो. तो क्षण प्रत्येकाचा हात जरा वेगळा पकडतो. या हलण्याचा सिग्मा निघाला १.५ मायक्रॉन.

तो बुशांच्या सिग्मात सरळ मिळवता किंवा वजा करता येत नाही. दोघांचे वर्ग मिळवावे लागतात. दिसणारा सिग्मा २.५, त्याचा वर्ग ६.२५. गेजचा वर्ग २.२५. वजा केले की उरतात ४, म्हणजे बुशांचा स्वतःचा सिग्मा फक्त २ मायक्रॉन. मशीनचा खरा सीपी २१ भागिले १२, म्हणजे १.७५ होता. फरकाचे ते गुण मोजण्यातच वाया जात होते. अशा वेळी माणसं मशीनचे बेअरिंग उघडायला निघतात, आणि मला ते बघवत नाही. आधी एकच जॉब दहा वेळा मोजून बघा, खर्च शून्य आहे. ग्राहकाच्या रिपोर्टमध्ये मात्र दिसणारा सिग्माच धरला जातो, म्हणून पुढे मीही २.५ च धरतो.

आणखी एक गोष्ट या आकड्यात लपून राहते. पाच सलग जॉबच्या गटावरून काढलेला सिग्मा त्या चार-पाच मिनिटांतलीच थरथर पकडतो. इन्सर्ट दिवसभर झिजतं, त्याची धार मागे सरते आणि बोअर हळूहळू लहान होत जातो. इन्सर्टच्या पूर्ण आयुष्यात आमची सरासरी सहा मायक्रॉन खाली सरकायची. प्रत्येक गटाच्या आतल्या फरकात ही घसरण उमटत नाही. सगळे जॉब एकत्र घेऊन सिग्मा काढला, तर तो २.५ वरून ३.०४ वर जातो आणि १.४० च्या जागी १.१५ येतो. या दुसऱ्या आकड्याला पीपी म्हणतात. सीपी आणि पीपी यांत असं अंतर दिसलं, तर समजायचं की प्रक्रिया जागेवरून सरकते आहे. आमच्या गटांच्या सरासऱ्या वेळेनुसार मांडल्यावर उतरती पायरी स्पष्ट दिसली.

मग नवं इन्सर्ट कुठे लावायचं? मध्यावर लावलं, तर शेवटी सरासरी सहा मायक्रॉन खाली, २५.००४५ ला पोचते आणि तिथे सीपीके ०.६० उरतो. तीन मायक्रॉन वर, २५.०१३५ ला सुरू केलं, तर शेवट २५.००७५ ला होतो आणि दोन्ही टोकांना १.०० मिळतो. आम्ही ती घसरण मधेच अडवली. सुरुवात २५.०१२० ला, तीन मायक्रॉन उतरून २५.००९० झालं की ऑफसेट तीन मायक्रॉन वर, आणि पुन्हा तोच फेरा. सरासरी मध्यापासून दीड मायक्रॉनपेक्षा लांब जात नाही, म्हणून सर्वात वाईट क्षणी जवळच्या मर्यादेपर्यंत ९ मायक्रॉन उरतात. सीपीके १.२०.

ग्राहकाला १.३३ हवा होता. उरलेलं अंतर आम्ही गेजमध्ये शोधलं. डोलवण्याच्या बोअर गेजच्या जागी एअर गेज आणलं, ज्याचा प्लग भोकात सरळच बसतो आणि हाताचा फरक जवळपास उरत नाही. दिसणारा सिग्मा २.१ वर आला. ९ भागिले ६.३, म्हणजे १.४३. मशीनला पानाही लावला नव्हता. मामांनी एअर गेजच्या शेजारी पाटावर रिंग ठेवली आणि खडूने लिहून ठेवलं: अर्धा तास.