पारडं कडेला लोंबलं तरी काटा का हलत नाही? एका जुन्या कोड्याची पार्श्वभूमी

कोल्हापुरात गुळाची ढेप आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते. जुन्या किराणा दुकानात मात्र वर दोन पारडी असलेला लोखंडी काउंटर काटा अजून दिसतो. त्यावर गूळ पारड्याच्या मधोमध ठेवा किंवा अगदी कडेला, वजन तेच येतं. साध्या दांडीच्या तराजूत दोरीची खूण थोडी सरकली तरी हिशेब चुकतो, मग इथे का चुकत नाही?

हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस होता या काट्याचा जनक, फ्रेंच गणिती रोबर्वाल. 1669 मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हे यंत्र मांडलं. मधल्या खांबाला मध्यावर खिळलेल्या दोन समांतर आडव्या पट्ट्या आणि त्यांची टोकं जोडणारे दोन उभे दांडे, सगळीकडे पिना. प्रत्येक उभ्या दांड्याला बाहेर किंवा आत काढलेला एक हात, त्यावर वजन. वजन हातावर कुठेही टांगलं तरी तोल ढळत नव्हता. तरफेचा नियम पाठ असलेल्यांना हे कोडंच वाटलं. रोबर्वाल 1675 मध्ये वारला. न्यूटनचं ‘प्रिन्सिपिया’ आणि त्यातला तिसरा नियम 1687 चा. म्हणजे कोड्याची किल्ली सापडली तेव्हा कोडं घालणारा हयात नव्हता. किल्ली मिळूनही कुलूप लगेच उघडलं नाही, ती गोष्ट पुढे येईलच.

अख्ख्या सांगाड्याकडे एकदम पाहिलं की नजर फसते, म्हणून दांडे सुटे करून पाहू. डावा उभा दांडा घ्या. त्याच्या वरच्या आणि खालच्या पिनेत 5 सेंटिमीटर अंतर. साधारण 5 किलो, म्हणजे अंदाजे 50 न्यूटन भार, दांड्यापासून 10 सेंटिमीटर बाहेर. हा भार दांड्याला बाहेर कलंडवू पाहतो. त्याला थोपवायला वरच्या पिनेने दांडा आत ओढला पाहिजे आणि खालच्या पिनेने तो बाहेर रेटला पाहिजे. प्रत्येक पिनेचं हे आडवं बल H धरून आघूर्णाचं, म्हणजे बल गुणिले अंतराचं समीकरण मांडलं तर 50 × 10 = H × 5, म्हणजे H = 100 न्यूटन. भाराच्या दुप्पट! उभ्या दिशेने मात्र दोन्ही पिनांनी मिळून फक्त 50 न्यूटन उचलायचे.

आता तिसरा नियम. पिनेने दांड्यावर लावलेलं बल जितकं, तितकंच उलट बल दांडा पट्टीवर लावतो. म्हणून वरची पट्टी 100 न्यूटनने बाहेर ओढली जाते आणि खालची तितकीच आत दाबली जाते. दोन्ही बलं पट्टीच्या लांबीतून जाऊन मधल्या खिळीतच पोचतात, त्यामुळे पट्टी फिरवण्याची ताकद त्यांच्यात नाही. फिरवतात ती फक्त उभी बलं, आणि त्यांची बेरीज 50 न्यूटनच, भार हातावर कुठेही असो. ते 10 सेंटिमीटर हिशेबातून गळून गेले.

गळून गेले, पण नाहीसे झाले नाहीत. वरच्या खिळीवर बाहेरची ओढ आणि खालच्या खिळीवर आतला दाब, अशी जोडी खांबाला कलंडवू पाहते. तो भार खांब काटा ठेवलेल्या फळीकडे सोपवतो. समान, विरुद्ध आणि एका रेषेत नसलेल्या बलांच्या या जोडीला स्वतंत्र राशी मानून तिचं गणित फ्रेंच गणिती प्वँसोने 19व्या शतकाच्या सुरुवातीला रचलं, आणि रोबर्वालचं कोडं तेव्हा नीट सुटलं.

वर्गात इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे छपराच्या कैचीच्या सवयीने उभ्या दांड्यातलं बल त्याच्या लांबीतच धरणं. ते फक्त दोन टोकांवरच बल असलेल्या दांड्याला चालतं. इथे तिसरं बल बाजूने येतं, त्यामुळे पिनेवर आडवा घटकही असतो. दुसरी चूक बाणांची. एका दांड्यावर H उजवीकडे गृहीत धरला, तर शेजारच्या पट्टीवर तो डावीकडेच काढायचा. उत्तर ऋण आलं तर बाण न पुसता ते ऋण चिन्ह तसंच पुढच्या समीकरणात न्यायचं. एकाच आकृतीत बाण सुधारला की तिसरा नियम मोडतो आणि पुढची सगळी उत्तरं बिघडतात.

वरच्या आणि खालच्या पिनेत ते 50 न्यूटन किती-किती वाटले गेले, हे मात्र समतोलाची समीकरणं सांगत नाहीत. बेरीज मिळते, वाटणी नाही. काट्याला बेरीज पुरते.

पट्ट्या झिजल्या की हिशेब उघडा पडतो. वरच्या पट्टीच्या डाव्या टोकाची पीन रेषेपासून 1 मिलिमीटर सरकली, तर तो 100 न्यूटन मधल्या खिळीतून जात नाही. 15 सेंटिमीटरच्या भुजेवर त्याचा परिणाम 0.67 न्यूटन, म्हणजे 5 किलोमागे जवळपास 70 ग्रॅम. भार आतल्या कडेला नेला की हीच चूक उलट्या बाजूने येते. म्हणून काटा तपासताना समोर तेवढंच वजन ठेवून 5 किलोचं माप आधी पारड्याच्या मधे, मग बाहेरच्या आणि आतल्या कडेला सरकवायचं. तिन्ही जागी तोल तसाच राहिला तर पट्ट्या समांतर आहेत. तो नुसताच अडखळत असेल तर पिना गंजल्यात, कारण भार कडेला गेला की पिनांवरचा दाब वाढतो आणि घर्षणही.