मूळव्याधीत टबात बसायचं, पण पाणी किती गरम?
"पाणी सोसवेल तितकं कडक घ्या, मीठ-डेटॉल टाका आणि अर्धा तास बसा, मूळव्याध गळून पडते."

गळून वगैरे काही पडत नाही हो. कोमट पाण्याने गुदद्वाराचा आवळलेला स्नायू सैल पडतो आणि ठणका कमी होतो, एवढंच काम आहे त्याचं, आणि त्याला साधं ४० डिग्रीच्या आसपासचं पाणी पुरतं. कोपर बुडवून बघा, उबदार वाटलं पाहिजे, चटका नाही. कडक पाण्याने तिथली नाजूक कातडी भाजते, डेटॉलने आग होते, मिठाची गरजच नाही. कंबरेखालचा भाग बुडेल असं १०-१५ मिनिटं बसायचं, दिवसातून २-३ वेळा, त्यातलं एकदा संडासनंतर, मग टॉवेलने न घासता नुसतं टिपायचं. रक्त पडत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवा.