डाऊनटाईम शीटमधली रिकामी चौकट आणि शून्य

वेर्णा औद्योगिक वसाहतीत गोळ्यांची पाकिटं भरणारी एक ब्लिस्टर लाइन आहे असं धरू. शिफ्ट संपली की ऑपरेटर शीटवर लिहितो की मशीन किती मिनिटं बंद होतं आणि कशामुळे: फॉइल रोल बदलला, सीलिंगचा हीटर गेला, वीज गेली. आठवड्याच्या शेवटी कुणीतरी ही शीट एक्सेलमध्ये चढवून सरासरी काढतो. काही ओळींत ‘०’ असतो, काही ओळींत काहीच नसतं. कागदावर दोन्हींचा अर्थ ‘मशीन थांबलं नाही’ असा वाटतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

शून्य हे मोजमाप आहे. कुणीतरी पाहिलं आणि मशीन थांबलं नव्हतं असं लिहिलं. रिकाम्या चौकटीमागे मात्र तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. मशीन थांबलं नाही म्हणून ऑपरेटरने काही लिहिलं नाही. किंवा ते थांबलं, पण लिहायचं राहिलं. किंवा त्या शिफ्टला मशीन चालवायचंच नव्हतं, चवथीची सुट्टी होती. पहिलीत आकडा शून्य धरायचा, दुसरीत तो माहीत नाही असं मानायचं आणि तिसरीत ती ओळ हिशेबातूनच काढायची.

आकडे घेऊन बघू. सोमवार ते शनिवार, रोज तीन शिफ्ट, म्हणजे १८ ओळी. जेवणाची सुट्टी वगळून प्रत्येक शिफ्टला ४५० मिनिटं ठरलेला वेळ. दहा ओळींत मिनिटं लिहिली आहेत, त्यांची बेरीज ६००. आठ ओळी रिकाम्या. सगळ्या रिकाम्या जागा शून्य धरल्या तर सरासरी डाऊनटाईम शिफ्टमागे ३३ मिनिटं येतो आणि मशीनची उपलब्धता, म्हणजे ठरलेल्या वेळापैकी मशीन चाललेला वेळ, ९२.६ टक्के. रिकाम्या ओळी सोडून दिल्या तर सरासरी ६० मिनिटं, उपलब्धता ८६.७ टक्के. शीट तीच, पण अहवालात सहा टक्क्यांचा फरक.

यातलं काय खरं, हे शीट सांगू शकत नाही. मशीनचे ठोके मोजणारा स्ट्रोक काउंटर सांगतो. या मशीनचा ठरलेला वेग मिनिटाला ३० स्ट्रोक असेल, तर न थांबता चाललेल्या शिफ्टचे जास्तीत जास्त १३,५०० स्ट्रोक होतात. आता आठ रिकाम्या शिफ्ट काउंटरशी ताडून पाहा. तीन शिफ्ट सुट्टीच्या दिवसाच्या, काउंटर हललेलाच नाही आणि उत्पादन आराखड्यातही त्या नाहीत, त्या वगळल्या. तीन शिफ्टमध्ये स्ट्रोक १३,२०० च्या आसपास. म्हणजे लिहिण्यासारखं थांबणं नव्हतंच, तिथे शून्य भरलं तर चुकत नाही. उरलेल्या दोन शिफ्टमध्ये काउंटर ९,००० आणि १०,५०० दाखवतो. इथे मशीन नक्की कशात तरी अडकलं होतं.

त्या दोन शिफ्टमध्ये ठरलेल्या वेगाने किती मिनिटांचं काम झालं? ३०० आणि ३५०. म्हणजे १५० आणि १०० मिनिटं गहाळ. मात्र हा सगळा वेळ डाऊनटाईमच होता असं म्हणता येत नाही, कारण मशीन हळू चालवलं असेल तरी काउंटर कमीच दाखवतो. म्हणून २५० मिनिटं ही वरची मर्यादा. वरच्या मर्यादेने हिशेब केला तर १५ शिफ्टमध्ये ८५० मिनिटं, उपलब्धता ८७.४ टक्के. दोन्ही शिफ्टमध्ये सगळा दोष मंद वेगाचा होता असं मानलं तर ६०० मिनिटं, ९१.१ टक्के. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये आहे, आणि अहवालात तो तसाच, ‘८७.४ ते ९१.१, पंधरापैकी दोन शिफ्टची नोंद नाही’ असा द्यावा. मॅनेजरला एकच आकडा हवा असतो, हे मान्य. पण एकच आकडा द्यायचा तर कोणता गृहीत धरला तेही त्याच ओळीत लिहावं.

आधीचा ८६.७ या पट्ट्याच्या अगदी जवळ आला, हे खरं, पण तो योगायोग. शून्याच्या शिफ्ट वगळल्याने तो खाली ओढला गेला होता, मोठ्या ब्रेकडाऊनच्या शिफ्ट वगळल्याने वर. पुढच्या आठवड्यात दोन चुका एकमेकींना इतक्या सोयीने कापतीलच असं नाही.

नोंद नेमकी कोणत्या शिफ्टमध्ये राहते, इथे खरी मेख आहे. दहा मिनिटांचा रोल बदल सगळे लिहितात. तीन तास गिअरबॉक्स खोलून बसलेल्या फिटरला विचारा, तो म्हणेल, “शीट कोण भरणार, हात ग्रीसने माखलेले!” पावसाळ्यात वीज गेली आणि डेटा लॉगरला यूपीएस नसेल, तर मशीन थांबतं त्याच क्षणी नोंदही थांबते. म्हणजे जितका मोठा खोळंबा, तितकी चौकट रिकामी राहण्याची शक्यता जास्त. अशा वेळी रिकाम्या ओळी गाळल्या तरी सरासरी चांगल्या शिफ्टच्या बाजूला झुकते. रिकाम्या जागी सरासरीच भरली, तर सरासरी जागची हलत नाही आणि खराब शिफ्टही मध्यम दिसू लागते, म्हणून तो उपाय मला सर्वात फसवा वाटतो.

आता एक गोष्ट बऱ्याच जणांना चक्रावते: ठरलेला वेळ बरोबर असेल तर रिकाम्या चौकटीने एकूण ओईई, म्हणजे उपलब्धता, कामगिरी आणि दर्जा यांचा गुणाकार, बदलत नाही. कामगिरी म्हणजे मशीन चाललेल्या वेळात ठरलेल्या वेगाच्या मानाने झालेलं काम. उपलब्धता आणि कामगिरी यांचा गुणाकार करताना मशीन चाललेला वेळ वर-खाली कटून जातो. ९,००० स्ट्रोकच्या शिफ्टमध्ये डाऊनटाईम शून्य धरा: उपलब्धता १०० टक्के, कामगिरी ६६.७. दीडशे मिनिटं धरा: उपलब्धता ६६.७, कामगिरी १००. गुणाकार तोच. बदलतं ते नुकसान कुणाच्या खात्यावर पडतं एवढंच. शून्य धरल्यावर देखभाल विभाग सुटतो आणि ‘तुमचे ऑपरेटर मशीन हळू चालवतात’ हे उत्पादन विभागाला ऐकावं लागतं. सुट्टीच्या शिफ्टचं मात्र उलट आहे. त्या ठरलेल्या वेळेत धरल्या तर ओईईच खाली येते.

यातून चूक पकडायची खूणही मिळते. डाऊनटाईम रिकामा असलेल्या शिफ्टमध्ये कामगिरी अचानक पडलेली दिसली, तर तिथे न लिहिलेला ब्रेकडाऊन शोधा. कामगिरी १०० च्या वर गेली, तर डाऊनटाईम जास्त लिहिला गेलाय किंवा ठरलेला वेगच कमी धरलाय.

एक्सेलही हा घोळ गुपचूप वाढवतं. `AVERAGE` रिकामी चौकट सोडतं, पण दुसऱ्या चौकटीत `=D2` अशी जोडणी केली आणि D2 रिकामी असेल, तर तिथे 0 येतो आणि मग तो सरासरीत धरला जातो. जोडणी अशी करावी:

```
=IF(D2="","",D2)
```

पायथनच्या pandas लायब्ररीमध्ये `mean()` रिकाम्या नोंदी सोडतं, पण आठवडाभर काहीच नोंद नसेल तरी `sum()` शून्य देतं. तिथे `sum(min_count=1)` लिहिलं तर उत्तरही रिकामंच राहतं.

मूळ शीटवर नंतर आठवणीने आकडे भरू नयेत. औषध कारखान्यात तर ते ऑडिटमध्ये अंगाशी येतं. काउंटरवरून काढलेला अंदाज वेगळ्या रकान्यात ठेवावा. आणि शीटवर मिनिटांच्या शेजारी एक रकाना वाढवावा, ज्यात ऑपरेटरने तीनपैकी एका ठिकाणी टिक करायची: थांबलं, थांबलं नाही, शिफ्ट नव्हती. टिकच नसेल तर ती ओळ ‘नोंद नाही’ समजायची आणि दुसऱ्याच दिवशी शिफ्ट इन्चार्जने काउंटर बघून विचारायची, कारण आठवड्याने विचारलं तर उत्तर ‘बहुतेक वीज गेली असेल’ असंच मिळतं.