पीटरसन ग्राफला तीन रंग का पुरत नाहीत

1 ते 5 हे आकडे घ्या आणि त्यांच्या सगळ्या जोड्या लिहा, 12, 13, 14 असं करत 45 पर्यंत, दहा होतात. प्रत्येक जोडी म्हणजे एक ठिपका. ज्या दोन जोड्यांत एकही आकडा कॉमन नाही त्यांच्यात रेघ मारायची, म्हणजे 12 ला 34, 35 आणि 45 जोडले जातात, बाकी कोणी नाही. प्रत्येक ठिपक्यातून तीन रेघा, एकूण 15. हाच पीटरसन ग्राफ.

डॅनिश गणिती युलिअस पीटरसनने 1898 मध्ये तो मांडला तो एका दाव्याला उत्तर म्हणून. प्रत्येक ठिपक्यातून तीनच रेघा निघतात आणि कुठलीही एक रेघ खोडली तरी चित्राचे दोन तुकडे पडत नाहीत, अशा ग्राफच्या रेघा तीन रंगांत रंगवता येतात, एका ठिपक्यावर एक रंग दोनदा न येता, असं टेट नावाच्या स्कॉटिश गणितीचं म्हणणं होतं. इथे ते जमत नाही, आणि का ते कागदावर स्वतः करून बघण्यासारखं आहे.

12-34-15-23-45 आणि परत 12, हा बाहेरचा पंचकोन काढा. पाच रेघांत एक रंग जास्तीत जास्त दोनदा येऊ शकतो, त्यामुळे वाटणी दोन-दोन-एक अशीच होणार. जो रंग एकदाच आला तो निळा म्हणू आणि तो 45-12 वर आहे असं धरू, मग उरलेल्या चार रेघा ओळीने लाल, हिरवी, लाल, हिरवी. आता 34, 15 आणि 23 या तिघांकडे लाल आणि हिरवा दोन्ही आलेत, म्हणून त्यांची आत जाणारी रेघ निळीच हवी, आणि त्या रेघा पोचतात 25, 24 आणि 14 ला. आतल्या पाच ठिपक्यांचंही 35-24-13-25-14 असं एक वर्तुळ आहे, आणि त्यातल्या प्रत्येक रेघेचं निदान एक टोक या तिघांपैकी आहे, नीट तपासा, एकही सुटत नाही. म्हणजे आत निळा कुठेच वापरता येत नाही. उरले दोन रंग आणि पाच रेघांचं वर्तुळ, आलटून पालटून रंगवत गेलात की शेवटच्या रेघेला अडकताच. संपलं.

यातूनच आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. सगळ्या दहा ठिपक्यांवरून एकेकदाच जाऊन परत सुरुवातीला येणारी वाट असती, तर तिच्या रेघा आलटून पालटून लाल-हिरव्या आणि उरलेल्या पाच निळ्या करता आल्या असत्या, ते तर अशक्य ठरलं, म्हणजे तशी वाटही नाही. असा तीन रंगांना दाद न देणारा याहून लहान ग्राफ नाही, म्हणून तीन-तीन रेघांच्या ग्राफबद्दल कोणी नवीन दावा केला की तो मला तरी आधी इथेच तपासावासा वाटतो.

मात्र शेजारचे देश वेगवेगळ्या रंगांत दाखवायला कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतात, हा दावा यामुळे पडला नाही. तो टेटच्या विधानाशी जोडलेला होता खरा, पण फक्त रेघा एकमेकींना न छेदता कागदावर काढता येतील अशा ग्राफपुरता, आणि पीटरसन ग्राफ तसा काढताच येत नाही. तो दावा 1976 मध्ये अपेल आणि हाकेन यांनी कॉम्प्युटरच्या मदतीने सिद्ध केला.