समोरच्याच्या भाषेतली चार वाक्ये

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात हॉवर्ड जाइल्स, डोनाल्ड टेलर आणि रिचर्ड बुर्हिस या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. इंग्रजी मातृभाषा असलेल्या, पण फ्रेंचही जाणणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी एका फ्रेंच भाषक माणसाचे ध्वनिमुद्रण ऐकवले. त्यात तो एका चित्राचे वर्णन करत होता. काही विद्यार्थ्यांच्या वाट्याला पूर्ण फ्रेंचमधले वर्णन आले, काहींना फ्रेंच व इंग्रजी मिसळलेले, काहींना सफाईदार इंग्रजीतले, तर काहींना अडखळत्या इंग्रजीतले. त्यानंतर त्या माणसाविषयी विद्यार्थ्यांचे मत विचारण्यात आले आणि त्याच्यासाठी उलट एक वर्णन ध्वनिमुद्रित करण्यास त्यांना सांगण्यात आले. आपल्या भाषेकडे येण्याचा त्या माणसाचा प्रयत्न ऐकणाऱ्याला जितका अधिक जाणवला, तितका तो त्यांना अधिक आपुलकीचा वाटला. उलट वर्णन करताना हे विद्यार्थीही मग त्याच्या भाषेकडे, म्हणजे फ्रेंचकडे, अधिक झुकले.

या निष्कर्षाचे महत्त्व त्या शहराची परिस्थिती पाहिल्याशिवाय कळत नाही. क्वेबेक प्रांतात फ्रेंच बोलणारे बहुसंख्य असले, तरी मोठे उद्योग आणि वरच्या पदांवरचा कारभार बहुतांशी इंग्रजीत चालत असे आणि हा असमतोल त्या काळी उघड राजकीय संघर्षाचा विषय झाला होता. फ्रेंच भाषकाने इंग्रजी बोलणे ही तिथे नवलाची बाब नव्हती, कारण पुष्कळांना ती पोटापाण्यासाठी बोलावीच लागत असे. त्यामुळे पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला. कोणी आपली भाषा बोलला, की ती का बोलला याचा काही हिशेब ऐकणारा मनात करतो का? सिमार, टेलर आणि जाइल्स यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या प्रश्नाचे उत्तर आहे. दोन समाजांमधले अंतर कमी करावे या इच्छेने हा माणूस आपली भाषा बोलतो आहे, असे ऐकणाऱ्याला वाटले, तर त्याची जवळीक वाढते. परिस्थितीच्या दडपणामुळे बोलतो आहे असे वाटले, तर तेच शब्द, तसाच उच्चार असूनही परिणाम फिका पडतो. उलटही खरे आहे. समोरचा आपली भाषा बोलत नाही, पण त्याला ती येतच नाही हे कळले, तर ऐकणारा ते फारसे मनावर घेत नाही. येत असून टाळतो आहे असे वाटले, तर मात्र ते खुपते.

माझ्या मते, समोरच्याच्या मातृभाषेतली चार वाक्ये शिकण्याच्या रिवाजाचे सारे मर्म या हिशेबात आहे. ती वाक्ये माहिती पोहोचवत नाहीत, कारण माहितीसाठी दोघांजवळ बहुधा हिंदी किंवा इंग्रजी असतेच. ती आपल्याला त्या भाषेच्या गोटातही नेत नाहीत. भाषेवरून आपला आणि परका ओळखण्याची सवय माणसाला फार लवकर लागते. कॅथरीन किंझलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बोस्टन व पॅरिस येथील दहा महिन्यांच्या बाळांना दोन स्त्रियांच्या चित्रफिती दाखवल्या. त्यांपैकी एक इंग्रजी बोलली, दुसरी फ्रेंच, आणि नंतर दोघींनी मुकाट्याने एकसारखे खेळणे पुढे केले. बाळांनी अधिक वेळा आपल्या घरच्या भाषेत बोललेल्या स्त्रीचे खेळणे घेतले. थोडी मोठी, म्हणजे पाच वर्षांची मुले मित्र निवडताना परक्या उच्चारापेक्षा आपल्या उच्चाराला पसंती देतात, असेही त्याच अभ्यासात आढळले. चार वाक्ये शिकलेल्या प्रौढाचा उच्चार परकाच राहणार, हे उघड आहे. म्हणजे त्याला जे श्रेय मिळते, ते भाषा येण्याचे नसून तसदी घेतल्याचे असते आणि ही तसदी कोणी भाग पाडल्याशिवाय घेतली आहे, हे दिसावे लागते.

हे एका उदाहरणाने पाहू. समजा, सांगलीची एक मुलगी आणि धारवाडचा एक मुलगा यांची लग्नाच्या दृष्टीने ओळख झाली आहे. दोघांचे फोनवरचे बोलणे इंग्रजीत चालते, मध्येच हिंदी येते. आता रविवारी त्याची आई फोनवर येणार आहे, म्हणून मुलीला कन्नडमध्ये दोन शब्द बोलायचे आहेत. इथे पहिली चूक होते ती वाक्ये कुठून घ्यायची याबाबत. ‘कन्नड शिका’ अशा पुस्तकांत किंवा ध्वनिफितींत बहुधा बंगळुरू-म्हैसूरकडची भाषा असते. तिथे ‘तुम्ही कसे आहात’ यासाठी ‘हेगिद्दीरा?’ आणि ‘जेवण झाले का’ यासाठी ‘ऊट आयता?’ असे म्हणतात. धारवाडकडे मात्र ‘हेंग अदीरी?’ आणि ‘ऊट आतेन्री?’ हे रोजचे बोलणे आहे, आणि शेवटी लागणारा तो ‘री’ आदर दाखवतो. पुस्तकी वाक्य म्हटले तर चूक होत नाही, परंतु ते या घराकडे पाहून शिकलेले नाही, हेही त्या आईला ऐकताक्षणी कळते. म्हणून वाक्ये त्या मुलाकडूनच, त्याच्या घरात जशी बोलतात तशी, त्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून घेणे हा उत्तम मार्ग आहे. त्यातही एक दक्षता हवी. मुलगा आपल्या आईशी एकेरीत बोलत असेल, तर तो नकळत एकेरी रूपच सांगून बसेल. ‘तुझ्या आईशी परक्या माणसाने कसे बोलावे’ असे स्पष्ट विचारले, तरच ‘री’ हाती लागतो.

वाक्ये कोणती घ्यावीत? नमस्कार तर आहेच. तो दोन्ही भाषांत सारखाच आहे आणि म्हणूनच त्यातून तसदी फारशी दिसत नाही. ‘ऊट आतेन्री?’ हे निवडण्याजोगे वाक्य आहे, कारण मराठी घरांप्रमाणे कन्नड घरांतही जेवणाची चौकशी ही विचारपूसच असते. ते दुपारी किंवा रात्री विचारावे; सकाळी ‘ऊट’च्या जागी न्याहारीसाठीचा ‘तिंडी’ हा शब्द घालता येतो. मात्र प्रश्न विचारला की उत्तर येते आणि बहुतेक नवशिक्यांची गाडी इथेच अडते. आई म्हणणार, ‘आत्री, निम्दु?’ म्हणजे ‘झाले, तुमचे?’ मुलीला निदान हे उत्तर ओळखता यायला हवे आणि ‘नंदू आत्री’ असे परत म्हणता यायला हवे. जे वाक्य उत्तराला पुरून उरत नाही, ते शिकण्यात अर्थ नाही, असे मला वाटते. तिसरे वाक्य सुटकेचे आहे: ‘ननग कन्नड स्वल्प बरतद’, म्हणजे मला कन्नड थोडेसे येते. चौथे, ‘स्वल्प सावकाश हेळ्री’, म्हणजे जरा सावकाश सांगा. यातला ‘सावकाश’ त्या भागात मराठीप्रमाणेच चालतो, आणि ‘स्वल्प’ही ऐकताच कळण्याजोगा आहे.

उच्चाराच्या बाबतीत मराठी भाषकाला एक मोठी सोय जन्मतःच मिळालेली आहे. कन्नडमध्ये ‘हळ्ळी’ म्हणजे गाव आणि ‘हल्ली’ म्हणजे पाल. ‘ळ’ नसलेल्या भाषेतून येणाऱ्याला हा भेद कमवावा लागतो. आपल्याला तो आयताच येतो. पण एक खड्डाही आहे. मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ या स्वरांची ऱ्हस्व-दीर्घ अशी अर्थ बदलणारी जोडी नाही. कन्नडमध्ये ती आहे. ‘बेळे’ या शब्दातील पहिला ‘ए’ आखूड म्हटला तर पीक, लांबवला तर डाळ. देवनागरीच्या नेहमीच्या लेखनात हा फरक दिसत नाही, त्यामुळे वाक्य देवनागरीत लिहून पाठ करणाऱ्याला तो हरवल्याचेही कळत नाही. याचे कारण कानाच्या जडणघडणीत आहे. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवले, की सहा ते आठ महिन्यांची इंग्रजी घरांतली बाळे हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांसारखे भेद ओळखतात, परंतु वर्षाची होईपर्यंत हे कौशल्य बरेचसे ओसरते, कारण घरच्या भाषेत त्या भेदाचे काही काम नसते. प्रौढ कानाला असा भेद पुन्हा पकडता येतो, मात्र त्यासाठी दोन्ही शब्द शेजारीशेजारी, पुनःपुन्हा ऐकावे लागतात. चार वाक्यांसाठी इतका खटाटोप आवश्यक नाही. ‘हेळ्री’तला ‘ए’ लांब आहे आणि ‘हेंग’मधला आखूड, इतके त्या ध्वनिमुद्रणात ऐकून घेतले तरी पुरे.

पाठांतराची पद्धतही थोडी बदलावी लागते. वाक्य शब्दशः उलगडून व्याकरणासह शिकल्यास बोलताना ते पुन्हा जुळवत बसावे लागते आणि फोनवर तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून ‘ऊट आतेन्री’ हा एकच अखंड शब्द आहे, असे समजून तो त्याच्या चालीसकट घ्यावा. एका बैठकीत वीस वेळा घोकण्यापेक्षा, ध्वनिमुद्रण न ऐकता आधी स्वतः म्हणून पाहणे, मग ऐकून ताडणे आणि काही तासांनी, नंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच करणे अधिक टिकते. आठवण्यासाठी थोडा ताण पडला पाहिजे. समोर कागद ठेवून वाचत राहिल्यास येत असल्याचा केवळ भास होतो.

यात अतिरेकही होऊ शकतो आणि त्याचाही अभ्यास झालेला आहे. जाइल्स आणि स्मिथ यांनी १९७९ मध्ये इंग्लंडमधील श्रोत्यांना एका कॅनेडियन वक्त्याच्या बोलण्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या ऐकवल्या. त्यांत त्याने उच्चार, बोलण्याची गती आणि मजकूर या तीन बाबतींत श्रोत्यांकडे कमी-अधिक जुळवून घेतले होते. गती आणि मजकूर जुळवलेला श्रोत्यांना आवडला; तिन्ही गोष्टी एकदम जुळवल्या तेव्हा मात्र ते त्यांना वरवरचे, काहीसे कमीपणा दाखवणारे वाटले. आपल्या उदाहरणात याचा अर्थ असा, की धारवाडी हेल उचलून नक्कल करण्याचे कारण नाही. शब्द त्यांचे, आवाज आपला, हे प्रमाण बरे. तसेच, ती आई स्वतःहून हिंदीत किंवा सीमाभागातल्या अनेकांप्रमाणे मराठीत बोलू लागली, तर पुन्हा पुन्हा कन्नडकडे ओढणे हा तिच्या प्रयत्नाचा अव्हेर होतो. हा बदल बहुतेकदा नकार नसतो. मॉन्ट्रियलच्या विद्यार्थ्यांनी फ्रेंचकडे झुकून जे केले, तेच ती करत असते.

दडपणाचा मुद्दा भारतात जपून लक्षात घ्यावा लागतो. ज्या शहरात किंवा सीमाभागात भाषेवरून वाद पेटलेला असतो, तिथे रिक्षावाल्याशी किंवा दुकानदाराशी त्याच्या भाषेत बोललेले वाक्य ‘बोलावेच लागते म्हणून बोलला’ या खात्यात जाऊ शकते. घरगुती ओळखीत असे दडपण नसते, म्हणून तिथे परिणाम स्वच्छ दिसतो. पण मुलाने ‘आईला बरे वाटावे म्हणून तिला बोलायला सांगितले आहे’ असे आईला आधीच सांगून ठेवले, तर तो इथेही फिका पडेल. त्याने गप्प राहणेच चांगले.

वाक्याचा परिणाम झाला की नाही, हे कौतुकावरून ओळखू नये. ‘वा, किती छान कन्नड बोलतेस’ हे सौजन्य आहे आणि बऱ्याचदा त्याच श्वासात बोलणे इंग्रजीकडे वळवले जाते. खरी खूण पुढच्या दोन मिनिटांत मिळते. आईने आपला वेग कमी केला, एखादा शब्द दुरुस्त करून पुन्हा म्हणायला लावला किंवा ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात’ असे विचारले, तर तीही अर्ध्या वाटेपर्यंत आली आहे असे समजावे, आणि पुढच्या रविवारी पाचवे वाक्य तिच्याकडूनच मागून घ्यावे.